२०० ची लाईन, पण डाउनलोड ११ वरच अडकतं: Mbps, MB/s आणि खरा बिघाड

लक्षणं ओळखीची आहेत. प्लॅन २०० Mbps चा आहे. स्पीड टेस्ट कधी १९०, कधी ९४ दाखवते. ६० जीबीचा गेम डाउनलोडला लावला की ब्राउझर किंवा लाँचर ११.२ MB/s दाखवतो आणि उरलेला वेळ दीड तास. मनातलं गणित सांगतं, ६० हजार एमबी भागिले २०० म्हणजे ३०० सेकंद, पाच मिनिटांत व्हायला हवं. मग कस्टमर केअरला फोन जातो, पलीकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ येतं, तसं केल्यावरही आकडा ११.२ च राहतो.

पाच मिनिटं आणि नव्वद मिनिटं यांच्यातल्या या फरकात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. पाचाची पंचेचाळीस झाली ती गणितामुळे, तिथे काहीच बिघडलेलं नाही. पंचेचाळीसची नव्वद झाली ती मात्र खऱ्या दोषामुळे, आणि तो बहुतेकदा दीड-दोनशे रुपयांच्या वायरीत असतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय तक्रार केली तर कंपनी पहिली गोष्ट समजावून सांगते आणि दुसरी तशीच राहते. म्हणून खालच्या तपासण्या फुकटाच्या, सोप्या गोष्टींपासून सुरू होतात आणि हळूहळू अवघड होत जातात. क्रम सोडू नका.

आधी अक्षर बघा: b की B

बोलताना आपण दोन्हीला ‘एमबी’च म्हणतो. ‘शंभर एमबीची लाईन’ आणि ‘शंभर एमबीची फाइल’, कानाला फरक कळत नाही. लिहिताना मात्र Mbps मधला b लहान आहे, तो बिट. MB/s मधला B मोठा आहे, तो बाइट. आठ बिटांचा एक बाइट. तारेतून माहिती एकामागून एक बिट अशी जाते, म्हणून लाईन विकणारे पहिल्यापासून बिट मोजतात. टेलिफोनच्या मोडेमचे ५६ kbps सुद्धा बिटच होते. डिस्कवर फाइल बाइटांत साठवली जाते, म्हणून फाइलचा आकार आणि डाउनलोडचा वेग बाइटांत दिसतो.

पडताळणी एका मिनिटाची आहे. डाउनलोड चालू ठेवा आणि विंडोजमध्ये Task Manager उघडा, त्यात Performance, मग Ethernet किंवा Wi-Fi. तिथला Receive चा आकडा Mbps मध्ये असतो. ब्राउझर ११.२ MB/s म्हणत असताना इथे साधारण ९४ Mbps दिसेल. एकाच क्षणी, एकाच वायरीतून जाणारा एकच वेग दोन मापांत दिसतोय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. स्टीम वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये Downloads खाली ‘Display download rates in bits per second’ हा पर्याय आहे. कोणी तो चालू करून ठेवला असेल तर स्टीममधला आकडा बिटांत येतो आणि मग त्याला पुन्हा आठाने भागणं योग्य. तो पर्याय बंद असताना भागलं तर वेग उगाचच आठपट कमी वाटेल. म्हणून आकड्याकडे पाहण्याआधी त्याच्या शेजारचं अक्षर वाचा.

मग हिशेब: आठाने भागा, पण अपेक्षा नवाने ठेवा

कागदावरचं सूत्र सरळ आहे. Mbps ला आठाने भागलं की MB/s. आठाने भागणं जमत नसेल तर तीनदा निम्मं करा: २०० चे १००, १०० चे ५०, ५० चे २५. म्हणजे २०० Mbps ची लाईन सेकंदाला २५ MB देते.

प्रत्यक्षात पडद्यावर २५ दिसत नाही, साधारण २२ दिसतं, आणि इथे पुष्कळ जण उगाच बिघाड शोधत बसतात. कारणं दोन आहेत. पहिलं असं की फाइल तुकड्या-तुकड्यांनी येते आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रमांक, तपासणीचे अंक असं वेष्टन असतं. वायरवर १५३८ बाइटांची जागा खर्च होते तेव्हा त्यात फाइलचा भाग साधारण १४५० बाइटांचा असतो. पाच-सहा टक्के तिथेच गेले. दुसरं कारण मोजण्याच्या पद्धतीतलं. लाईन विकणारा मेगा म्हणजे दहा लाख धरतो. विंडोज आणि त्यावरचे ब्राउझर साधारणपणे १०२४ गुणिले १०२४ म्हणजे १०,४८,५७६ बाइटांना एक MB म्हणतात. नवी १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती याच कारणाने. मॅकवर २००९ पासून फाइलचे आकार दशमान पद्धतीने दिसतात, त्यामुळे तीच फाइल मॅकवर थोडी ‘मोठी’ दिसते.

दोन्ही वजावटी एकत्र केल्या की भाजक आठाचा जवळपास नऊ होतो. म्हणून पडद्यावर काय दिसायला हवं हे काढायचं असेल तर Mbps ला नवाने भागा. ४० च्या लाईनवर साडेचारच्या आसपास, १०० वर ११, २०० वर २२, ३०० वर ३३. आकडा याच्या जवळपास असेल तर लाईन ठीक आहे आणि इथेच थांबा.

वेळ काढण्यासाठी रोजच्या वापरात एकच सूत्र पुरतं:

```
minutes = GB × 150 / Mbps
```

या १५० मध्ये आठाचा गुणाकार, वेष्टनाची वजावट, १०२४ चा फरक आणि मिनिटांचं ६० हे सगळं बसवलेलं आहे. आपला गेम ६० जीबीचा, लाईन २०० ची: ६० गुणिले १५० म्हणजे ९०००, भागिले २००, म्हणजे ४५ मिनिटं. पाच मिनिटांची अपेक्षा चुकीची होती, पण नव्वद मिनिटंही बरोबर नाहीत. याच सूत्रात २०० च्या जागी १०० घाला, बरोब्बर नव्वद येतात. म्हणजे २०० ची लाईन कुठेतरी नेमकी १०० ची होतेय. पुढच्या तपासण्या त्या ‘कुठेतरी’चा शोध घेण्यासाठी आहेत.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. गेमच्या पानावर लिहिलेली ‘लागणारी जागा’ आणि प्रत्यक्ष उतरणारी फाइल यांचा आकार एक नसतो. गेम दाबून लहान केलेल्या रूपात उतरतो आणि डिस्कवर उलगडतो. हिशेबाला उतरणारा आकार घ्या, लाँचर तो डाउनलोड सुरू करताना दाखवतो. उलगडण्याचं काम जुन्या हार्ड डिस्कवर रेंगाळलं तर वेगाचा आलेख मध्ये-मध्ये शून्यावर येतो आणि पुन्हा वर जातो. तो दोष लाईनचा नाही.

सर्व्हर बदलून बघा

अजून खर्च काही नाही. फाइल ज्या सर्व्हरवरून येते तो प्रत्येकाला मोजूनच वेग देत असेल तर तुमची लाईन कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. ओळखायची खूण अशी: पहिलं डाउनलोड चालू असतानाच दुसऱ्या ठिकाणची मोठी फाइल लावा आणि Task Manager मधला एकूण Receive बघा. एकूण आकडा चढला, समजा ९० वरून १८० ला गेला, तर लाईनमध्ये जागा होती आणि पहिला सर्व्हरच हात आखडून देत होता. एकूण तेवढाच राहिला आणि दोन डाउनलोडनी तो आपसात वाटून घेतला, तर अडथळा तुमच्या बाजूला आहे.

केवळ स्पीड टेस्टवर विसंबू नका. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. तिथपर्यंत १९० मिळतात म्हणजे जाळ्याबाहेरही १९० मिळतील असं नाही. टेस्टमध्ये सर्व्हर बदलून दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरातला निवडा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. पुढे तक्रार करावी लागली तर हाच पुरावा कामाला येतो.

डेटा संपला नाही ना

घरगुती फायबर प्लॅनना ‘अनलिमिटेड’ म्हटलं तरी बहुतेकांना महिन्याची मर्यादा असते, तिला एफयूपी म्हणतात. ती ओलांडली की वेग पुढच्या बिलापर्यंत खाली येतो. किती खाली, ते प्लॅनच्या पानावर लिहिलेलं असतं. समजा २ Mbps वर आला, तर पडद्यावर साधारण ०.२२ MB/s किंवा २३० KB/s च्या आसपासचा आकडा दिसेल. तोच ६० जीबीचा गेम या वेगाने ४५०० मिनिटं घेईल, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. कंपनीच्या ॲपमध्ये वापरलेला डेटा बघा. महिन्याच्या शेवटी बिघडलेली लाईन एक तारखेला आपोआप ‘सुधारत’ असेल तर शोध इथेच संपला.

याची खूण अशी की दिवसभर, प्रत्येक यंत्रावर, वायरने किंवा वायफायने, आकडा तोच राहतो. संध्याकाळी आठ ते अकरामध्येच वेग पडत असेल आणि पहाटे सुधारत असेल, तर ती गल्लीतल्या सामायिक लाईनवरची गर्दी आहे, एफयूपी नाही.

वायफाय बाजूला काढा

यासाठी एक वायर लागते, बाकी काही नाही. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि तीच फाइल पुन्हा लावा. वायरीवर वेग बरोबर आला तर लाईनचा दोष नाही, आणि कंपनीला बोलावून काही होणार नाही.

वायफायच्या बाबतीत गैरसमज असा की राउटरच्या खोक्यावरचा आकडा मिळतो. लॅपटॉपला जोडणी कितीची मिळाली आहे ते विंडोजमध्ये असं कळतं:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात ‘Receive rate (Mbps)’ ही ओळ बघा. २.४ गिगाहर्ट्झवर साध्या एका अँटेनाच्या यंत्राला तिथे ७२ दिसतात. हा आकडा हवेतल्या जोडणीचा आहे, फाइलचा नाही. वायफायमध्ये एका वेळी एकच यंत्र बोलतं आणि बाकीचे थांबतात, शिवाय प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते, त्यामुळे हाती साधारण निम्मे ते साठ टक्के लागतात. ७२ मधले चाळीसच्या आसपास, म्हणजे साडेचार MB/s. २०० ची लाईन असूनही. राउटर आणि लॅपटॉप दोघांना चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा आणि मोजताना राउटरच्याच खोलीत बसा, कारण ५ ची लहर विटांच्या भिंतीपलीकडे झपाट्याने अशक्त होते.

११.२ चं गूढ: वायर की पोर्ट

वायरीवर जोडल्यावरही आकडा ११.२ वर ठाण मांडून बसला असेल, ना वर ना खाली, तर गुन्हेगार जवळपास ठरलेला आहे. लाईनवरच्या गर्दीत वेग हलतो, वायफायमध्ये तर सतत हलतो. ठाम, न हलणारा आकडा म्हणजे मध्ये कुठेतरी १०० Mbps ची जोडणी आहे. शंभरातून वेष्टन वजा जाता ९४ उरतात, आणि ते विंडोजच्या मापात ११.२ MB/s, दशमान मापात ११.७ होतात. हा आकडा लक्षात ठेवा, तो या सगळ्या शोधातला सर्वात उपयोगी आकडा आहे. गिगाबिट जोडणी पूर्ण भरली तर हीच खूण ११२ वर दिसते.

खात्री करायला PowerShell मध्ये:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

‘100 Mbps’ आलं तर दोष सापडला. ‘1 Gbps’ आलं तर तुमच्या यंत्रापासून राउटरपर्यंतची जोडणी ठीक आहे, मग राउटर आणि फायबरचा डबा म्हणजे ओएनटी यांच्यामधली वायर बघा. तीही तितकीच दोषी असू शकते, आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही.

१०० च का? नेटवर्कच्या वायरीत आठ तारा, चार जोड्या असतात. गिगाबिटला आठही लागतात. १०० Mbps ला केवळ चार तारा पुरतात, कनेक्टरवरच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. नेहमीच्या रंगक्रमात त्या नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या असतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, किंवा पिनला नीट टेकली नाही, तर बरीच यंत्रं जोडणी तोडत नाहीत, मुकाट्याने १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहतं, दिवे लुकलुकतात, म्हणून वायरीवर कोणाचा संशय जात नाही. कोकणात आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यानंतर हा दोष अधिक दिसतो, कारण दमट खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. जुन्या इमारतींत तर एकाच वायरीच्या दोन जोड्या इंटरनेटला आणि उरलेल्या दुसऱ्या कामाला वापरलेल्या आढळतात. तिथे कनेक्टर कितीही साफ केला तरी १०० च्या वर जाणार नाही.

क्रम असा ठेवा. आधी वायर दोन्ही टोकांना काढून ‘टक’ आवाज येईपर्यंत घट्ट बसवा आणि LinkSpeed पुन्हा बघा. मग राउटरचा दुसरा पोर्ट. मग दुसरी वायर: एक-दोन मीटरची तयार कॅट ५ई किंवा कॅट ६ पॅच कॉर्ड दीड-दोनशे रुपयांपर्यंत मिळते. घेताना आवरणावर ‘CAT5E’ किंवा ‘CAT6’ छापलेलं आहे आणि पारदर्शक कनेक्टरमध्ये आठही रंगीत तारा दिसताहेत ना, ते दुकानातच बघा. चारच दिसल्या तर परत करा.

नव्या वायरीवरही १०० च आले तर पोर्ट तपासायचा. बऱ्याच स्वस्त आणि जुन्या राउटरांचे पोर्ट मुळातच १०० चे असतात, त्यांच्या माहितीपत्रकात ‘10/100’ लिहिलेलं असतं. गिगाबिट पोर्टच्या राउटरवर ‘10/100/1000’ किंवा ‘Gigabit’ असतं. प्लॅन १०० वरून २०० वर नेला पण डबा जुनाच राहिला, असं फार वेळा होतं. तेव्हा वाढीव पैसे दर महिन्याला जातात आणि वेग तोच राहतो. राउटर कंपनीने दिलेला असेल तर बदलून मागणं हा तुमचा रास्त आग्रह आहे, तिथे ‘सेटिंग करतो’वर समाधान मानू नका. कुठल्याही सेटिंगने १०० चा पोर्ट १००० चा होत नाही.

आपल्या उदाहरणात नवी पॅच कॉर्ड लावल्यावर LinkSpeed ‘1 Gbps’ व्हायला हवा, Task Manager मध्ये १९० च्या आसपास, ब्राउझरमध्ये २२ आणि उरलेला वेळ पाऊण तास.

इथे थांबा आणि तंत्रज्ञ बोलवा

वायर बदलली, पोर्ट गिगाबिट आहे, वायफाय बंद, डेटा शिल्लक, दोन वेगळे सर्व्हर तपासले, तरी वेग निम्माच. आता अडथळा फायबरच्या बाजूला आहे आणि तिथे घरी करण्यासारखं काही नाही.

ओएनटीवरचा LOS दिवा लाल असेल तर एक मिनिटही न दवडता तक्रार नोंदवा. दिवा ठीक असेल पण राउटरच्या पानावर ‘Rx Power’ दिसत असेल तर तो आकडा टिपून घ्या. तो उणे असतो. उणे २० च्या आसपास चांगला, उणे २७ च्या पुढे गेला की जोडणी काठावर आहे. पिवळ्या किंवा पांढऱ्या बारीक फायबर वायरीला कपाटामागे घट्ट वळण पडलं असेल तर ते हलक्या हाताने मोठं करा, एवढंच. तिचं टोक उपसून फुंकर मारू नका, कापडाने पुसू नका, आणि त्यात डोकावून तर अजिबात बघू नका. आतला लेसर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोक साफ करायला आणि फायबर सांधायला वेगळी अवजारं लागतात. भिंतीतून किंवा डक्टमधून गेलेली नेटवर्कची वायर तुटल्याचा संशय असेल तरही वायरमनकडून टेस्टर लावून घ्या. अंदाजाने भिंत फोडू नका, त्याच डक्टमध्ये विजेच्या वायरीही असू शकतात.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की पुन्हा राउटर बंद-चालू करायला सांगतील. त्याऐवजी असं सांगा: वायरने जोडून मोजलं, LinkSpeed 1 Gbps आहे, सकाळी, दुपारी आणि रात्री स्पीड टेस्टला इतके-इतके Mbps आले, दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर इतके, Rx Power इतका. सगळे आकडे Mbps मध्येच द्या, कारण प्लॅन Mbps मध्ये आहे. MB/s मधला आकडा सांगितला तर पलीकडचा माणूस तो Mbps समजेल आणि संभाषण पुन्हा पहिल्या पानावर येईल. तक्रारीचा नंबर घ्या. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे तो नंबर देऊन जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ घालवू नका.

तंत्रज्ञ काम संपवून निघण्याआधी त्याच्या मोबाइलवरची वायफाय स्पीड टेस्ट पुरेशी मानू नका. तुमचा लॅपटॉप वायरने जोडा, मोठी फाइल लावा आणि दोन मिनिटं आकडा बघा. २०० च्या लाईनवर तो २२ च्या आसपास स्थिर राहिला तर सही करा. ११.२ वर येऊन थांबला तर त्याला ओएनटी आणि राउटरमधली वायर बदलायला सांगा.